डीप क्यू-लर्निंग: रिप्ले बफर आणि गोठवलेलं टार्गेट नेटवर्क नेमकं काय सावरतात?

पहिलीपायरी

नमस्कार मंडळी. दोन आठवडे एका गोष्टीत अडकलोय, म्हणून धागा काढतोय.

CartPole-v1 वर स्वतःच्या हाताने डीप क्यू-लर्निंग लिहिलं. गाडीवर उभा खांब, गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ढकलायची, खांब उभा राहिला की प्रत्येक पावलाला 1 रिवॉर्ड. 500 पावलं झाली की एपिसोड संपतो. गॅमा, म्हणजे दर पुढच्या पावलाच्या रिवॉर्डचं मोल किती पटीने कमी धरायचं तो आकडा, 0.99 ठेवलाय.

सुरुवातीला छान शिकतं. दीडशे, दोनशे, तीनशे पावलं. आणि मग एकाएकी खाली येतं ते थेट 9-10 पावलांवर! म्हणजे सतत एकाच बाजूला ढकलणारा एजंट जेवढा टिकतो तेवढंच. क्यूच्या किमती, म्हणजे इथून पुढे एकूण किती रिवॉर्ड मिळेल याचे नेटवर्कचे अंदाज, छापून पाहिल्या तर त्या आधी 80, मग 300, मग 4,000 वगैरे.

सगळीकडे एकच उत्तर मिळतं: एक्स्पीरियन्स रिप्ले घाल आणि टार्गेट नेटवर्क घाल. दोन्ही घातलंय (म्हणजे मला तसं वाटतंय). फरक शून्य. पण त्याहून मोठी अडचण अशी, की हे दोन्ही उपाय का चालतात ते मला समजलेलंच नाही. "डेटामधलं परस्परसंबंध तोडतं", "टार्गेट स्थिर ठेवतं" ही वाक्यं पाठ झालीत. संबंध तुटला तर काय होतं आणि नाही तुटला तर काय बिघडतं, हे कुणी हातात धरून दाखवेल का?

---

रात्रपाळी

तुमच्या क्यूच्या किमतीतच एक उत्तर दडलंय. प्रत्येक पावलाला 1 रिवॉर्ड आणि गॅमा 0.99 असताना, एजंट अनंत काळ टिकला तरी एकूण बेरीज 1/(1−0.99) म्हणजे 100 च्या वर जाऊच शकत नाही. 300 दिसलं त्या क्षणी नेटवर्क खोटं बोलायला लागलंय. 4,000 पर्यंत वाट बघायची गरज नाही.

प्रत्येक खेळात अशी कमाल मर्यादा आधी कागदावर काढून ठेवा आणि क्यूचा आलेख तिच्याशी ताडून बघा. रिवॉर्डच्या आलेखात बिघाड उशिरा दिसतो, क्यूच्या आलेखात आधी दिसतो.

---

खेळगडी

रिप्ले म्हणजे खेळाचं रेकॉर्डिंग करून नंतर परत बघणं ना? मग त्याने एजंटच्या शिकण्यात काय फरक पडणार? खेळ तर होऊन गेलेला असतो. की मी प्रश्नच चुकीचा वाचतोय?

---

रात्रपाळी

@खेळगडी, चित्रफीत नाही. प्रत्येक पावलाला चार-पाच गोष्टींची एक नोंद होते: कुठे होतो, काय केलं, काय मिळालं, कुठे पोचलो, आणि तिथे खेळ संपला का. अशा हजारो नोंदी एका साठ्यात पडून राहतात. शिकताना त्यातून 32 किंवा 64 नोंदी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलायच्या आणि त्यांच्यावर वेट्स बदलायचे. खेळ होऊन गेलेला असला तरी त्याचा धडा होऊन गेलेला नसतो, कारण एका नोंदीवरून एकदाच छोटंसं पाऊल टाकलेलं असतं. तीच नोंद पुढे पुन्हा हाताला लागली तर आणखी शिकता येतं.

---

अर्धाकप

माझ्या समजुतीप्रमाणे, टार्गेट नेटवर्क हे क्यूच्या फुगलेल्या किमती कमी करायला असतं. पुढच्या अवस्थेतल्या कृतींपैकी सगळ्यात मोठी किंमत, म्हणजे max, घेतल्यामुळे किमती वरच्या बाजूला झुकतात, आणि दुसरं नेटवर्क असलं की तो झुकाव जातो. आणि रिप्लेमुळे दुर्मीळ, महत्त्वाचे प्रसंग जास्त वेळा शिकवले जातात. एवढं पुरेसं आहे.

---

गणितवेडी

@अर्धाकप, अर्ध्या रस्त्यापर्यंत तुमच्याबरोबर येते. max मुळे किमती वर झुकतात हे खरंच. पण साध्या डीक्यूएनमध्ये, म्हणजे खोल नेटवर्कवरच्या क्यू-लर्निंगमध्ये, कृती निवडायलाही गोठवलेलं नेटवर्क आणि तिची किंमत लावायलाही तेच, त्यामुळे तो झुकाव तसाच राहतो. निवड एका नेटवर्कने आणि मोल दुसऱ्याने, ही युक्ती डबल डीक्यूएनची, आणि ती 2015 ची आहे. तिने टार्गेट नेटवर्क वापरलं म्हणून दोन्हींची गल्लत होते.

दुर्मीळ प्रसंगांचंही तसंच. साध्या रिप्लेमध्ये सगळ्या नोंदींना सारखीच संधी असते. जिथे चूक मोठी तिथे जास्त वेळा, हा प्रकार म्हणजे प्रायोरिटाइज्ड रिप्ले, आणि तो नंतर आला.

आता मूळ प्रश्न. @पहिलीपायरी, खांब आणि गाडी बाजूला ठेवा. मी एकाच वेटचं नेटवर्क घेते, म्हणजे सगळं कागदावर मावेल.

दोन अवस्था. पहिलीची किंमत नेटवर्क `w` सांगतं, दुसरीची `2w`. एकच वेट दोघींत आहे, म्हणजे एकीला हात लावला की दुसरी हलणारच. खऱ्या नेटवर्कमध्येही हेच होतं, फक्त तिथे हजारो वेट्सच्या गर्दीत ते दिसत नाही. पहिलीतून दुसरीत जायचं, दुसरीतून खेळ संपतो, रिवॉर्ड कुठेच नाही. म्हणजे दोघींची खरी किंमत 0, आणि `w` चं बरोबर उत्तरही 0. सुरुवात `w = 1` पासून, लर्निंग रेट 0.1.

पहिलीवरून शिकायचं म्हटलं तर टार्गेट, म्हणजे नेटवर्कने जिथे पोचायचं ती किंमत, 0.99 × 2 = 1.98. आत्ताची किंमत 1. चूक 0.98, तिचा दहावा भाग उचलला, `w` झाला 1.098. आता पुन्हा तीच नोंद. पण `w` वाढला म्हणजे दुसरीची किंमतही वाढली, आणि ती दुप्पट वेगाने वाढली. टार्गेट आता 2.174. आपण एक पाऊल जवळ गेलो तर ते दोन पावलं लांब गेलं. दर वेळी `w` ला 1.098 ने गुणलं जातं. दहा वेळा केलं की 2.55. शंभर वेळा केलं की साडेअकरा हजाराच्या आसपास. बरोबर उत्तर 0 होतं!

तुमचे 80, 300, 4,000 याच जातीचे आहेत.

---

पहिलीपायरी

हे पहिल्यांदाच दिसलं मला. म्हणजे चूक कमी करण्याचा प्रत्येक प्रयत्न चूक वाढवतोय, कारण टार्गेटमध्ये आपलंच वेट बसलंय.

---

शंकासुर

थांबा थांबा. गणितवेडी, तुम्ही तीच नोंद शंभर वेळा का शिकवताय? खेळात तर पहिली अवस्था, मग दुसरी, मग शेवट, असं आळीपाळीने येणार. दुसरीवरून शिकताना टार्गेट 0 आहे, तिथे `w` खाली ओढला जाईलच की. उदाहरण मुद्दाम बिघडवल्यासारखं वाटतंय.

---

गणितवेडी

अगदी नेमकं बोट ठेवलंत, आणि सगळी गंमत तिथेच आहे. दुसरीवरून शिकलं की चूक −2w, ग्रेडियंटमध्ये आणखी एक 2, म्हणून `w` मधून 0.4w वजा होतो. म्हणजे 0.6 ने गुणणं. आळीपाळीने केलं तर दर जोडीला 1.098 × 0.6, म्हणजे साधारण 0.66. दहा जोड्यांत `w` 0.015 वर येतो. तुमचं म्हणणं बरोबर, काही बिघडत नाही.

आता प्रमाण बदलून बघा. शेवटाची एक नोंद आणि तिच्यामागे पहिलीच्या पाच: गुणाकार 0.96, अजून ठीक. पाचाऐवजी सहा: 1.05. स्फोट सुरू. (लर्निंग रेट बदलला की ही सीमा थोडी सरकते, पण सीमा असतेच.)

म्हणजे किमती ताळ्यावर आणण्याचं काम शेवटाच्या नोंदी करतात. खरी माहिती तिथे असते. बाकी सगळ्या नोंदी "पुढच्या अवस्थेला विचारा" म्हणून हात झटकतात. आता खांबाकडे या. एजंट जितका चांगला होतो तितका खांब कमी वेळा पडतो. 9 पावलांत पडणारा एजंट नऊ नोंदींमागे एक शेवट देतो, 300 पावलं टिकणारा तीनशेंमागे एक. एजंट सुधारला की त्याला जमिनीवर ठेवणाऱ्या नोंदीच आटतात. साठा नसेल तर नेटवर्कला फक्त आत्ताच्या नोंदी दिसतात: उभा खांब, उभा खांब, उभा खांब. साठा मोठा असेल तर जुन्या पडण्यांच्या नोंदी अजून चिठ्ठ्यांत असतात.

तुमच्या "संबंध तोडतं" या पाठ वाक्याच्या पोटात हे आहे. एकापाठोपाठच्या नोंदी एकमेकींच्या झेरॉक्स असतात आणि सगळ्या वेटला एकाच बाजूला ढकलतात. मिसळलेल्या नोंदी एकमेकींना आवर घालतात.

---

शंकासुर

पटलं. उदाहरणाबद्दलचे शब्द मागे घेतो. एकच राहतं: चिठ्ठ्या सरसकट उचलल्या तर साठ्यात जे प्रमाण तेच बॅचमध्ये येणार. रिप्ले प्रमाण सुधारत नाही, फक्त जास्त लांबच्या काळावर पसरवतं. बरोबर ना?

---

गणितवेडी

शंभर टक्के. हे लोक विसरतात. म्हणूनच साठ्याचा आकार हा महत्त्वाचा आकडा आहे.

---

धडपड्या

माझा अनुभव सांगतो. मी गोदामात फिरणाऱ्या रोबोच्या सिम्युलेशनवर काम करत होतो, आणि तिथे पॉलिसी ग्रेडियंट वापरत होतो. कुठेतरी वाचलं की रिप्लेने स्थिरता येते, म्हणून एक लाख नोंदींचा साठा लावला. आधी जेवढं शिकत होतं तेवढंही शिकेना. आठवडाभर रोबो एकाच खांबाभोवती गोल गोल. त्यामुळे रिप्ले हा रामबाण आहे असं नवीन लोकांना सांगू नका.

---

रात्रपाळी

@धडपड्या, तुमच्या रोबोचा दोष नाही. साधा पॉलिसी ग्रेडियंट विचारतो, "मी आत्ता जसा वागतो तसं वागत राहिलो तर कुठल्या दिशेने बदलू?" त्याला आत्ताच्याच वागण्यातल्या नोंदी लागतात. महिन्याभरापूर्वीच्या एजंटच्या नोंदी दिल्या तर उत्तर दुसऱ्याच माणसाबद्दलचं येणार.

क्यू-लर्निंगचा प्रश्न वेगळा असतो: "या अवस्थेत ही कृती केली, इथे पोचलो, इथून पुढे सगळ्यात चांगलं वागलं तर किती मिळेल?" ती कृती कुणी केली, शहाण्याने की वेड्याने, याचा त्या प्रश्नाशी संबंध नाही. म्हणून जुन्या नोंदी चालतात. रिप्ले क्यू-लर्निंगच्या अंगाला बसतं ते यामुळे. ही कल्पना 1992 मध्ये लिन यांनी मांडलेली आहे, खोल नेटवर्कच्या बरीच आधी.

---

धडपड्या

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तो आठवडा वाचला असता. धन्यवाद.

---

पहिलीपायरी

रिप्लेचं कोडं सुटलं. आता गोठवलेलं नेटवर्क. गणितवेडी ताई, तुमच्याच उदाहरणात ते लावलं तर?

---

गणितवेडी

लावूया, पण निकाल ऐकून दचकू नका.

फक्त पहिलीची नोंद घेऊ, म्हणजे बिघडणारी बाजू. टार्गेट काढायला वेगळी प्रत ठेवली, तिच्यात `w = 1` गोठवला, आणि ती दर 100 अपडेटनंतर ताजी करायची. टार्गेट 1.98 वर खिळलं. चालतं नेटवर्क हळूहळू 1.98 वर जाऊन थांबतं, पुढे जात नाही. शंभर अपडेटनंतर 1.98, गोठवलं नव्हतं तेव्हा साडेअकरा हजार होतं.

पण आता प्रत ताजी केली. नवं टार्गेट 3.92. पुढच्या खेपेला 7.76. हजार अपडेटनंतर `w` 926 च्या घरात. म्हणजे गोठवल्याने आग विझली नाही, सावकाश पसरली. शेवटाच्या नोंदी निम्म्या प्रमाणात मिसळल्या, तर मात्र दर ताजेपणाला `w` 0.396 पट होतो आणि मुकाट शून्याकडे जातो.

त्यामुळे टार्गेट नेटवर्क किमती फुटू देत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ते वेळ देतं. त्या वेळात बाकीच्या नोंदींना आपलं म्हणणं मांडता येतं.

---

अर्धाकप

मग नकोच की ते! रिप्लेनेच सगळं होत असेल तर दुसऱ्या नेटवर्कचा भार कशाला? 2013 च्या अटारी व्हिडिओ गेमवरच्या पहिल्या पेपरात रिप्ले होतं आणि टार्गेट नेटवर्क नव्हतंच, हे मला पक्कं आठवतंय.

---

रात्रपाळी

आठवण बरोबर आहे. ते 2015 च्या नेचरमधल्या आवृत्तीत आलं. आणि त्याच पेपरात दोन्ही उपाय काढून-घालून केलेला तक्ताही आहे. ब्रेकआउट या विटा फोडण्याच्या खेळातले गुण: दोन्ही असताना 316.8. टार्गेट नेटवर्क काढलं, रिप्ले ठेवलं, 240.7. रिप्ले काढलं, टार्गेट नेटवर्क ठेवलं, 10.2. दोन्ही काढलं, 3.2.

म्हणजे मोठा भार रिप्ले उचलतं, हे तुमचं बरोबर. पण त्याच तक्त्यात सीक्वेस्ट या दुसऱ्या खेळाचे आकडे बघा: दोन्ही असताना 2894.4, फक्त रिप्ले असताना 822.6, फक्त टार्गेट नेटवर्क असताना 1003.0. तिथे गोठवलेलं नेटवर्क रिप्लेपेक्षा थोडं जास्तच कामाला आलं. दोन्ही मिळून जे होतं ते एकेकट्याच्या बेरजेपेक्षा मोठं आहे.

---

गणितवेडी

@अर्धाकप, माझं उदाहरण स्फोटाचं होतं. टार्गेट नेटवर्कचं खरं काम दुसऱ्या उदाहरणात दिसतं, आणि ते खांबाच्या जास्त जवळचं आहे.

खांब या क्षणी आणि पुढच्या क्षणी जवळपास तसाच दिसतो. नेटवर्क दोन्ही अवस्थांना जवळपास एकच किंमत देणार. तर समजा दोन्हींची किंमत `w`, रिवॉर्ड 1, सुरुवात 0 पासून. टार्गेट म्हणजे 1 + 0.99w.

न गोठवता: चूक 1. दहावा भाग उचलला, `w` 0.1 झाला. टार्गेट 1.099 झालं. चूक 0.999. पुढे चाललो, तर तेही पुढे चाललं. शंभर अपडेटनंतरही चूक 0.9 च्या वरच. स्वतःच्या सावलीला पकडायला धावण्यातला प्रकार. आणि ऑप्टिमायझरला मोमेंटम असेल, तर सलग एकाच दिशेची चूक बघून तो वेग वाढवत नेतो. खरी किंमत आली तरी लगेच थांबता येत नाही, पुढे निघून जातो. त्यात दोन-तीन कृती असल्या की max कधी या कृतीवर तर कधी त्या कृतीवर उडी मारतो. max बदलला की एजंटचं वागणं बदलतं, वागणं बदललं की नोंदी बदलतात. किमतीत वरखाली झोके सुरू.

गोठवून: टार्गेट 1 वर खिळलं. पन्नास अपडेटमध्ये चूक 0.005. हे आता साधं रिग्रेशन आहे: ठरलेली प्रश्नपत्रिका, ठरलेली उत्तरं. मग प्रत ताजी केली, टार्गेट 1.99, चूक पुन्हा 0.99 वर उसळली, पुन्हा खाली आली. लॉसचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा. तो तसा दिसला तर घाबरू नका, ते सुदृढ लक्षण आहे.

---

शंकासुर

पण ताई, तुमच्याच आकड्यांत शंभर अपडेटनंतर न गोठवणारा `w` 9.5 वर पोचलाय आणि गोठवणारा 1 वरच बसलाय. खरी किंमत 100. कोण जिंकलं?

---

गणितवेडी

शर्यतीत न गोठवणारा जिंकला. यात लपवण्यासारखं काही नाही. गोठवण्याची किंमत म्हणजे उशीर. खरी माहिती एका ताजेपणाला एकच पाऊल मागे सरकते. सारखं ताजं केलं तर सावलीचा पाठलाग, फार उशिरा केलं तर गोगलगाय. नेचरच्या पेपरात 10,000 अपडेटनंतर प्रत ताजी करत, पण ते अटारीसाठी. खांबाला एवढं थांबलात तर रात्र उलटेल. काहीशे पुरतात.

---

संथलय

मी ठरावीक काळाने प्रत करत नाही, दर अपडेटला गोठवलेल्यात चालत्याचा 0.005 इतका अंश मिसळते. झटके बसत नाहीत, करवतही दिसत नाही. रोबोटिक्समध्ये बहुतेक जण हेच करतात. मला एकदम प्रत करण्यापेक्षा हे केव्हाही बरं वाटतं.

---

रात्रपाळी

@संथलय, चांगलं आहे, पण "केव्हाही" ला माझी हरकत. तुमच्या पद्धतीत टार्गेट कधीच पूर्ण थांबत नाही. लर्निंग रेट मोठा असेल तर सावलीचा पाठलाग चालूच राहतो, फक्त संथ. मी दोन्ही वापरून पाहिलंय आणि कधी हे तर कधी ते बरं निघालंय.

आणि @पहिलीपायरी, तुम्ही लिहिलं होतं "दोन्ही घातलंय, फरक शून्य". ते मला खटकतंय. थोडा तरी फरक पडायला हवा होता. कोड टाका. टार्गेट नेटवर्क बनवता ती ओळ आणि साठ्याचा आकार, एवढं पुरे.

---

पहिलीपायरी

हे घ्या.

```python
online_net = QNet()
target_net = online_net
buffer = deque(maxlen=1000)
```

दर 200 अपडेटला `target_net.load_state_dict(online_net.state_dict())` पण करतो.

---

रात्रपाळी

सापडलं. दुसरी ओळ. ही प्रत नाही, एकाच नेटवर्कला दोन नावं आहेत. `online_net` बदललं की `target_net` त्याच क्षणी बदलतं. तुम्ही आजवर एकदाही काही गोठवलेलं नाही. दर 200 अपडेटला नेटवर्कची प्रत स्वतःवरच होत होती, म्हणून त्रुटीचा संदेशही येत नव्हता.

```python
import copy
target_net = copy.deepcopy(online_net)

with torch.no_grad():
    nxt = target_net(s2).max(1).values
    y = r + 0.99 * nxt * (1 - terminated.float())
```

तपासायची सोपी खूण: दर 50 अपडेटला दोन्ही नेटवर्कच्या वेट्समधला फरक छापा. तो हळूहळू वाढायला हवा आणि प्रत ताजी केली की 0 व्हायला हवा. कायम 0 असेल तर दोन्ही एकच आहेत. कधीच 0 होत नसेल तर ताजं करायचं राहिलंय.

शेवटची ओळही नीट बघा. खांब पडला तिथे पुढची किंमत 0 धरायची, नाहीतर गणितवेडींच्या शेवटाच्या नोंदी मुक्या होतात आणि सगळ्या किमती 100 कडे सरकतात. पण 500 पावलं झाली म्हणून थांबवलं असेल, तर ते पडणं नव्हे. तिथे 0 धरलंत तर छान उभ्या खांबाला तुम्ही "इथे सगळं संपतं" असं शिकवाल. म्हणून `terminated` आणि `truncated` वेगळे ठेवा.

---

गणितवेडी

आणि साठा फक्त 1,000! एजंट 500 पावलं टिकायला लागला की त्यात दोनच एपिसोड मावतात. खांब 12 अंश कलला की पडला असं धरतात, तर 8-10 अंश कललेल्या खांबाच्या नोंदी तुमच्या साठ्यात उरतच नसणार. खांब सरळ असताना काय करायचं ते नेटवर्कला उत्तम येतं, आणि कलल्यावर काय करायचं ते ते विसरून गेलेलं असतं. मग एका वाईट क्षणी खांब थोडा जास्त कलतो, आणि तुमचा 9-10 पावलांचा दिवस उगवतो. 50,000 करून बघा.

---

नवंजुनं

थोडं अवांतर, पण नवीन लोकांनी ऐकून ठेवावं. हे दोन उपाय एकमेव नाहीत. 2016 च्या ए3सी या पद्धतीत रिप्लेच नव्हतं. अनेक एजंट एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी खेळत, त्यामुळे नोंदी आपोआप मिसळलेल्या यायच्या. 2024 मध्ये पीक्यूएन हे नवं क्यू-लर्निंग आलं, त्यात ना रिप्ले, ना टार्गेट नेटवर्क. नेटवर्कमध्ये लेयर नॉर्मलायझेशन आणि शेकडो खेळ समांतर. तरी क्यू-लर्निंग स्थिर राहतं. म्हणून "याशिवाय गत्यंतर नाही" म्हणू नये.

---

गणितवेडी

मान्य. त्यातही दुखणी तीच दोन आहेत हे बघा: नोंदी एकसुरी असणं, आणि एका अवस्थेला हात लावला की शेजारचीची किंमत बेफाम हलणं. समांतर खेळ पहिल्यावर, नॉर्मलायझेशन दुसऱ्यावर. औषधं बदलली.

---

अर्धाकप

डबल डीक्यूएनची गल्लत माझी होती, ते वाचून आलो. पण किमती फुगण्याचा मुद्दा मी सोडत नाही. खांबावर दोनच कृती आहेत म्हणून फुगवटा कमी. अठरा कृती असलेल्या खेळात तोच आधी डोकं वर काढेल.

---

रात्रपाळी

हे मात्र बरोबर आहे.

---

पहिलीपायरी

चार दिवसांनी परत आलो. `deepcopy` केलं, `truncated` वेगळं केलं, साठा 50,000. पाच वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात बदलून पाच वेळा, चालवलं.

फक्त `deepcopy` ने क्यूचं फुटणं थांबलं, किमती 120-130 वर जाऊन परत यायच्या. पण 9-10 पावलांवर कोसळणं थांबलं नाही. साठा वाढवल्यावर ते थांबलं. पाचांपैकी चार सीड 500 वर टिकून आहेत आणि क्यू 90 ते 100 मध्ये. लॉसला खरोखर करवतीचे दाते आलेत, ते बघून काय आनंद झाला!

पाचवा सीड अजून कोसळतो, बऱ्याच उशिरा, साधारण 400 व्या एपिसोडनंतर. आधी तो पूर्ण शिकलेला असतो.

---

शंकासुर

कोसळण्याच्या आधी साठ्यात पडण्याच्या किती नोंदी होत्या, मोजल्यात का?

---

पहिलीपायरी

आत्ता मोजल्या. 50,000 पैकी 7. जे चार टिकलेत त्यांच्यात 60 ते 90 आहेत, कारण ते मधूनमधून पडतात. पाचवा बराच काळ पडलाच नव्हता.

---

गणितवेडी

64 च्या बॅचमध्ये 50,000 पैकी 7, म्हणजे शंभराहून जास्त बॅचमागे एखादी नोंद. माझ्या कागदावरच्या सहाला एकच्या सीमेपेक्षा कितीतरी विरळ. खरं नेटवर्क एका वेटचं नसल्याने सीमा वेगळी असणार, त्यामुळे हेच कारण असं छातीठोक म्हणणार नाही. तपासायचं असेल तर साठ्याचा दहावा भाग वेगळा काढून त्यात पहिल्या शंभर एपिसोडच्या नोंदी कायमच्या ठेवा, पुसू नका, आणि प्रत्येक बॅचमध्ये तिथून सहा उचला. बाकी काही बदलू नका.

---

संथलय

त्याच सीडवर माझं 0.005 पण चालवून बघा. बाकी सगळं तसंच ठेवून.

---

पहिलीपायरी

दोन्ही वेगवेगळे लावलेत, आज रात्रभर चालतील. वेट्समधल्या फरकाचे आणि क्यूचे आकडे उद्या इथेच टाकतो.